बारशाची यादी: नावं चोवीस, पण ताटं किती?

ताईच्या मुलीचं बारसं माहेरी, म्हणजे आमच्याकडे ठाण्यात करायचं ठरलं. नौपाड्यात एक छोटा हॉल मिळाला, रविवारची दुपार. आईने कॅलेंडरच्या मागच्या पानावर यादी केली, चोवीस नावं. केटररने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "ताटं किती धरू?" आई म्हणाली, "चोवीस घरं आहेत." तो शांतपणे म्हणाला, "घरं नकोत काकू, माणसं सांगा." त्याचं उत्तर त्या कागदावर कुठेच नव्हतं. कुणाच्या नावापुढे बरोबरची खूण होती, कुणाच्या पुढे प्रश्नचिन्ह, एकावर काट आणि त्या काटेवर पुन्हा खूण.

म्हणून मी गूगल शीट्समध्ये यादी करायला घेतली. पन्नास-शंभर माणसांच्या कार्यक्रमाला यापेक्षा मोठं काही लागत नाही. पहिल्यांदाच शीट उघडणाऱ्यांसाठी ती कशी केली ते लिहिते.

मांडणी

लॅपटॉपवर कोरी शीट उघडा. फोनवरही जमतं, पण पहिली मांडणी लॅपटॉपवर केलेली बरी. नंतर आकडे भरायला फोन पुरतो. पहिली ओळ रिकामी सोडा, ती बेरजेसाठी आहे. दुसऱ्या ओळीत A पासून J पर्यंत हे मथळे लिहा: कुटुंब, कुठून, कोणाकडून, मोबाईल, बोलावले, येणार, कदाचित, नाही, उत्तर बाकी, टीप. मग `View → Freeze → 2 rows` करा, म्हणजे खाली गेलात तरी मथळे समोर राहतात. ओळी गोठवण्याचा आणखी एक फायदा आहे. पुढे कधी आख्खी शीट नावावार लावून घेतलीत, तर गोठवलेल्या ओळी जागच्या हलत नाहीत आणि बेरीज पाहुण्यांच्या मध्ये जाऊन बसत नाही.

बेरीज वर ठेवण्याचं कारण साधं आहे. यादी खाली वाढत जाते. बेरीज तळाला असेल तर नवीन नाव हमखास बेरजेच्या खाली लिहिलं जातं आणि मोजलंच जात नाही.

मोबाईलच्या कॉलमला आधीच `Format → Number → Plain text` करून घ्या. नाहीतर +91 लावलेला नंबर शीट गणित समजते आणि त्याची काहीतरी मोडतोड करते.

नावं भरताना

एका घराला एक ओळ. माणसागणिक ओळ केलीत तर सत्तर ओळी होतील आणि फोन तर प्रत्येक घरात एकालाच करायचा असतो. पहिली ओळ स्वतःच्या घराची लिहा. हे हसण्यावारी नेऊ नका, आईच्या यादीत आमचं घर नव्हतंच. आम्ही पाच, शिवाय ताई आणि भावोजी, अशी सात माणसं कुणीच मोजली नव्हती. बाळ सोडून.

नाव लिहिताना नातं नको, आडनाव आणि ठिकाण लिहा. यादी मी आणि भावोजी दोघं भरत होतो. मी "काका" लिहिलं की त्यांना त्यांचे काका आठवायचे. त्याहून मोठी गंमत म्हणजे एक डोंबिवलीचं कुटुंब आमच्या शीटमध्ये दोनदा आलं. आईच्या लेखी ती "सुमनमावशी" आणि भावोजींच्या लेखी "जोशी", कारण मावशीचे यजमान त्यांच्या वडिलांच्या ऑफिसातले. लग्नाआधीपासूनची ओळख, दोन्हीकडून आमंत्रण आणि यादीत चार माणसांची आठ. नावात फरक असला तरी मोबाईल नंबर एकच असतो. सगळी नावं भरून झाली की एकदा मोबाईलच्या कॉलमने यादी लावून बघा, सारखे नंबर एकाखाली एक येतात. आमचे असेच सापडले.

"कोणाकडून" या कॉलमात फक्त "आई", "बाबा", "भावोजी" एवढंच लिहायचं, फोन कोणी करायचा ते त्यावरून ठरतं. "कुठून" मध्ये स्टेशन किंवा उपनगर. हा कॉलम मला आधी फालतू वाटला होता.

तीन कॉलम: खूण नाही, आकडा

इथे बहुतेकांची यादी चुकते. येणार, कदाचित आणि नाही असे तीन कॉलम केले की हात आपोआप खूण करायला जातो. जोशी येणार, बरोबर. पण जोशी म्हणजे किती? खुणा मोजल्या की घरं मिळतात आणि आपण पुन्हा कॅलेंडरच्या मागच्या पानावर येतो. म्हणून या तिन्ही कॉलमांत माणसांचा आकडाच लिहायचा.

आणि आकडा लिहिला की एक सोय आपसूक होते, घर फुटून लिहिता येतं. ऐरोलीच्या एका काकूंचं उत्तर जसंच्या तसं सांगते: "आम्ही दोघं नक्की गं. अभिची रविवारी शिफ्ट आहे, तो काही येत नाही. सुनेला विचारते, तिच्या आईकडे जायचं चाललंय." हे एक घर आहे, पण उत्तरं तीन आहेत. बोलावले 4, येणार 2, कदाचित 1, नाही 1. एकाच रकान्यात "येणार" किंवा "कदाचित" असं निवडायचं असतं, तर यातलं काय निवडलं असतं?

मग प्रश्न येतो की कुठलं उत्तर कुठे टाकायचं. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणण्याची पद्धत नाही. त्यामुळे शब्द ऐकून कॉलम ठरवावा लागतो. मी माझ्यापुरता नियम केला: समोरच्याने आकडा सांगितला तरच "येणार". "आम्ही काय घरचेच, आम्हाला काय विचारतेस" हे ऐकायला कितीही गोड असलं तरी त्यात आकडा नाही. लगेच विचारायचं, "हो, पण किती जण धरू?" "जमवतो", "बघू", "रात्री कळवतो" हे सगळं कदाचित. "नक्की प्रयत्न करतो" हेसुद्धा कदाचितच लिहा. माझ्या अनुभवात तो बऱ्याचदा नकारच असतो, पण माणसाने नाही म्हटलेलं नसताना आपण लिहू नये.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पत्रिका टाकल्यावर जे अंगठे आणि हात जोडलेले येतात, ते कुठल्याच कॉलमात जात नाहीत. तो अंगठा म्हणजे पत्रिका पाहिली एवढंच. काहींनी तर "खूप खूप अभिनंदन, नक्की येऊ" असं लिहिलं होतं. मी ते उत्साहाने येणार मध्ये घातले आणि दोन दिवसांनी फोनवर कळलं की ते गावी आहेत.

"नाही" चा कॉलम लोक रिकामा ठेवतात किंवा ओळच पुसून टाकतात. ओळ पुसू नका. ती पुसली की आई दोन दिवसांनी विचारते, "अगं, शहापूरला सांगितलंस का?" आणि पुन्हा फोन जातो. त्यांच्या घरी सुतक असल्यामुळे ते येणार नव्हते. पुन्हा फोन करून त्यांना तेच सांगायला लावणं बरं दिसलं नसतं. नाही मध्ये 3 आणि टीप मध्ये एक शब्द, काम झालं.

एक ओळ मात्र कदाचित मध्ये राहून चालत नाही, ती बाळाच्या आत्याची. कानात नाव तीच सांगणार. आमच्याकडे ती पुण्याहून यायची होती आणि पहिल्या दिवशी भावोजींनी तिच्यापुढे कदाचित 3 लिहिलं होतं, कारण ती "बघते" म्हणाली. आईने ते वाचलं आणि शीट बाजूला ठेवून सरळ तिला फोन लावला. तारीख पक्की करण्याआधीच हा फोन व्हायला हवा होता.

चार-पाच जण आणि सेहेचाळीस हजार

आकडा भरताना दोन गोष्टी बिघडतात आणि दोन्ही आमच्याकडे बिघडल्या.

कल्याणचं एक घर म्हणालं, "चार-पाच जण येऊ." भावोजींनी ट्रेनमधून फोनवर येणार मध्ये 4-5 असं टाकलं. संध्याकाळी मी शीट उघडली तर येणाऱ्यांची बेरीज सेहेचाळीस हजार एकशे काहीतरी. झालं असं की मध्ये आडवी रेघ दिसली की शीट ती तारीख समजते. तारीख आत साठवताना ती १८९९ च्या अखेरीपासूनचे दिवस मोजते, आजकालची कुठलीही तारीख म्हणजे सेहेचाळीस हजारांच्या आसपासचा आकडा. बेरजेत तोच मिसळला. आमचा आकडा इतका हास्यास्पद होता म्हणून लगेच दिसला. "चार-पाच" लिहायची जागा शीटमध्ये आहेच: येणार 4, कदाचित 1.

दुसरी चूक गुपचूप होते. मराठी कीबोर्डवरून ४ टाकला तर शीट त्याला अंक न समजता अक्षर समजू शकते, आणि बेरीज करणारं सूत्र अक्षरं न सांगता गाळून टाकतं. काही लाल होत नाही, फक्त चार माणसं कमी होतात. ओळखायची खूण अशी की आकडा रकान्याच्या उजव्या कडेला चिकटलेला असतो आणि अक्षर डाव्या. डावीकडे गेलेला एखादा आकडा दिसला तर तो इंग्रजी अंकात पुन्हा टाका. नावं मराठीत, आकडे 1, 2, 3 असे.

बेरीज आणि पडताळा

E1 मध्ये हे टाका आणि तेच F1 पासून I1 पर्यंत कॉपी करा:

```
=SUM(E3:E)
```

शेवटी नुसतं E म्हणजे खाली जिथवर नावं वाढतील तिथवर. हे गूगल शीट्समध्ये चालतं. एक्सेल वापरत असाल तर शेवटची ओळ सांगावी लागते, ती मोकळ्या हाताने सांगा:

```
=SUM(E3:E200)
```

आता "उत्तर बाकी". हा कॉलम हाताने भरायचा नाही. I3 मध्ये हे टाका आणि खाली ओढत न्या:

```
=E3-F3-G3-H3
```

बोलावलेल्यांतून येणारे, कदाचितवाले आणि न येणारे वजा. उरले ते ज्यांनी अजून काहीच सांगितलं नाही. पण या कॉलमाचा खरा उपयोग चूक पकडायला होतो. ऐरोलीच्या सुनेचं "येते" असं नक्की झालं तेव्हा मी येणार 3 केलं, पण कदाचित मधला 1 पुसायला विसरले. उत्तर बाकी मध्ये -1 आलं. उणे आकडा म्हणजे एक माणूस दोन ठिकाणी बसलाय. कधी उणे येण्याचं दुसरं कारण असतं, घरी आलेला पाहुणा ते सोबत आणणार असतात. मग बोलावले चा आकडाच वाढवायचा. त्याच रकान्यात #VALUE! दिसलं, तर बोलावले किंवा या तिन्हीपैकी कुठल्यातरी कॉलमात आकड्याऐवजी शब्द किंवा मराठी अंक गेलाय. एक चूक मात्र हा पडताळा पकडत नाही: जोशींचं उत्तर चुकून शेजारच्या ओळीत लिहिलंत आणि आकडे जुळले, तर सगळं ठीकच दिसतं.

शीट भावोजींना देताना `Share` मध्ये त्यांचा ईमेल टाकून दिली आणि `General access` `Restricted` च ठेवलं. लिंक फॅमिली ग्रुपवर टाकायचा मोह होतो. पण त्यात सगळ्यांचे मोबाईल नंबर आहेत, शिवाय टीप मध्ये "मागच्या वेळी रुसले होते" असलं काही लिहिलेलं असतं.

फोनची दुसरी फेरी

केटररला आकडा गुरुवारी रात्री हवा होता. त्याआधीच्या रविवारी वरच्या ओळीत असं होतं: बोलावले 71, येणार 38, कदाचित 14, नाही 9, उत्तर बाकी 10. म्हणजे चोवीस माणसांचा पत्ता नाही. पण ती चोवीस माणसं नऊच घरांत होती. मथळ्यांच्या ओळीपासून खालचा भाग निवडून `Data → Create a filter` करून उत्तर बाकी मधली 0 ची खूण काढली की बाकीवाली घरं उरतात. मग फिल्टर पूर्ववत करून कदाचित च्या कॉलमात रिकाम्या रकान्यांची खूण काढायची. दोन्ही एकदम लावू नका, नाहीतर ज्यांच्याकडे दोन्ही आहे तेवढीच घरं दिसतील. दोघं एकाच वेळी शीटमध्ये असाल तर साधा फिल्टर दुसऱ्यालाही दिसतो. आईच्या टॅबवर अर्धी यादी गायब झाल्यावर तिचा जीव घाबरा झाला होता.

फोनवर "येताय ना?" असं विचारू नका. त्याला कुणीही "हो हो" च म्हणतं. आम्ही म्हणायचो, "केटररला गुरुवारी आकडा द्यायचाय, तुमच्याकडची किती ताटं धरू?" ताट म्हटलं की माणूस घरात वळून विचारतो. त्या नऊ घरांना मंगळवार-बुधवारी फोन झाले आणि बुधवारी रात्री येणार 47, कदाचित 8, नाही 15, बाकी 1 असं झालं. बेरीज पुन्हा 71. तो एक म्हणजे एक आतेभाऊ, त्याने शेवटपर्यंत फोन उचलला नाही.

केटररला काय सांगायचं

निव्वळ येणारे सांगितले तर कमी पडण्याची भीती, कदाचितवाले सगळे धरले तर पैसे वाया. कदाचित चे निम्मे धरणं हा माझा ढोबळ हिशोब आहे, शास्त्र नाही. J1 मध्ये तोच मांडून ठेवला:

```
=F1+ROUNDUP(G1/2,0)
```

47 आणि 4, म्हणजे ५१. आमच्या केटररचं म्हणणं असं होतं की सांगितलेल्या ताटांचे पैसे द्यायचेच, वर जितकी जास्त लागतील त्यांचे वेगळे. ताट ४५० रुपये, म्हणून ५१ ताटांचे २२,९५०. तुमच्या केटररला तीन गोष्टी आधी विचारा: आकडा किती दिवस आधी हवा, सांगितल्यापेक्षा किती जास्त माणसं तो सांभाळून घेईल आणि लहान मुलांचं ताट कितव्या वर्षापासून धरतो. आमच्याने पाच वर्षांखालची धरली नाहीत, म्हणून ती मुलं आम्ही बोलावले च्या आकड्यात न घेता टीप मध्ये लिहिली होती. फोटोग्राफरचं ताट मात्र राहिलं. तोही जेवतो.

आकडा दिल्यावर शुक्रवारपासून शीट बदलत राहिली, तरी केटररचा आकडा बदलला नाही. एक माणूस इकडे-तिकडे झालं म्हणून रोज फोन करू नये. `File → Version history` मध्ये गुरुवार रात्रीची शीट जशीच्या तशी सापडते, पुढे बिलावरून काही बोलणं झालंच तर ती उपयोगी पडते.

आणि मग शनिवारी समजलं, रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक. फालतू वाटलेला "कुठून" चा कॉलम तेव्हा कामाला आला. कल्याण आणि डोंबिवलीवाले निवडून काढले आणि तेवढ्याच पाच घरांना मेसेज केला की तासभर आधी निघा, किंवा दोघा-तिघा घरांनी मिळून गाडी करा. ऐरोली-वाशीची मंडळी ट्रान्स-हार्बरने येतात, त्यांना उगाच कशाला घाबरवायचं.

हॉलवर

सकाळी शीटची एक प्रत छापून दारात चुलतभावाकडे दिली. फोनवर भरायला सांगितलं असतं तर त्याने फोटो काढत बसून काहीच भरलं नसतं. संध्याकाळी मोजलं: येणार म्हणालेल्या ४७ पैकी ४४ आले, कदाचितवाल्या ८ पैकी ३. आणि स्पष्ट नाही म्हणालेले दोघं हसत दारात उभे. एकूण ४९, फोटोग्राफर धरून ५०. निम्म्याचा हिशोब तसा बरोबर उतरला, पण वेगळ्याच माणसांनी उतरवला.

दुसऱ्या दिवशी आईने तीच शीट उघडायला लावली. "यात आणखी एक खाना कर," म्हणाली, "आहेराचा." K मध्ये प्रत्येक घरापुढे काय आलं ते तिने पाकिटं बघत सांगितलं आणि मी लिहिलं. तो कॉलम लिहायच्या आधी मी भावोजींचा शेअर काढून घेतला होता, हे तिने दोनदा विचारून खात्री केली.